गड उतरल्यावर मांड्या का धरतात, आणि हळदीचं दूध, आंबट रस, जादा प्रोटीन यांचा खरा उपयोग किती

सिंहगडाची आतकरवाडीची वाट चढताना दम लागतो, पण पाय दुखतात ते उतरल्यामुळे. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. रविवारी पहाटे चढायचं, वर मडक्यातलं दही खायचं आणि उन्हं चढायच्या आत धावतच खाली यायचं, असा आमच्या गटाचा शिरस्ता आहे. नवा माणूस सोमवारी म्हणतो, "काही नाही, थोडं जाणवतंय." मंगळवारी तोच माणूस ऑफिसचा जिना कठडा धरून आडवा-आडवा उतरत असतो. मग सल्ले सुरू होतात. कोणी रात्री हळदीचं दूध घ्यायला सांगतं, कोणी डाळिंबाचा रस, तर जिममध्ये जाणारा एखादा प्रोटीनचा डबाच आणून देतो.

या तीन उपायांचं नेमकं काय होतं, ते इथे क्रमाने मांडतो. उदाहरण गड उतरण्याचं घेतलं आहे, कारण या दुखण्याचं कारण त्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. बैठका, वजनांचे स्क्वॉट्स किंवा घाटातली शर्यत यांनाही हेच लागू पडतं.

आधी दुखणं ओळखा

आपल्याकडे म्हणतात, "पाय आंबले." शब्द सुरेख आहे, पण त्याने एक गैरसमज पक्का केला आहे. आंबले म्हणजे आत आंबट काहीतरी साचलं, म्हणजेच लॅक्टिक ॲसिड, असं आपण धरून चालतो. १९८३ साली एका अमेरिकी प्रयोगात धावपटूंना ट्रेडमिलवर ४५ मिनिटं पळवलं, एकदा सपाटीवर आणि एकदा १० टक्के उतारावर. सपाटीवर रक्तातलं लॅक्टिक ॲसिड वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर ते फारसं वाढलंच नाही, तरी पाय चांगलेच दुखले. शिवाय व्यायाम थांबल्यावर तास-दीड तासात ते रक्तातून निघून जातं. मंगळवारच्या दुखण्याला रविवारचं आम्ल कारण असू शकत नाही.

खरं कारण उताराच्या प्रत्येक पावलात असतं. खाली उतरताना गुडघा वाकतो आणि शरीराचा भार तोलून धरण्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला राहतो, पण त्याच वेळी तो लांबतही असतो. दोरी घट्ट धरली आहे आणि ती हातातून सरकते आहे, असं काहीसं. या ताणाने स्नायूतंतूंच्या आतली बारीक रचना जागोजागी विस्कटते. मग सूज येते, दुरुस्तीच्या पेशी जमा होतात आणि आसपासचे मज्जातंतू हळवे होतात. एरवी न जाणवणारा दाबही तेव्हा दुखतो. याला वेळ लागतो, म्हणून दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, साधारण २४ ते ७२ तासांत कळस गाठतं आणि पाच-सात दिवसांत उतरतं.

पिंढरीत आलेला गोळा वेगळा. तो व्यायाम चालू असताना किंवा रात्री अचानक येतो आणि ताण दिला की सुटतो. उडी मारताना "टच्" झालं आणि बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखायला लागलं, तर तो स्नायू फाटल्याचा किंवा लचकल्याचा संशय. पुढचं सगळं दोन्ही मांड्यांत पसरलेल्या, उशिरा आलेल्या, बोथट दुखण्याबद्दल आहे.

उपाय लागू पडल्यासारखा का वाटतो

हळदीकडे वळण्याआधी हे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचे आकडे पटायचे नाहीत.

आमच्या गटात एक जोडपं आहे, दोघांचंही काम बैठं. दोघं पहिल्यांदाच गड उतरले तेव्हा मी त्यांना रोज सकाळी आपल्या इमारतीच्या त्याच दहा पायऱ्या उतरून दुखण्याला ० ते १० मध्ये गुण द्यायला सांगितलं. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे पाय टाकवत नाही. त्याचे गुण सोमवारी ५, मंगळवारी ७, बुधवारी ४, गुरुवारी १. मंगळवारी रात्री त्याने हळदीचं दूध घेतलं. बुधवारी फोन आला, "दादा, एका रात्रीत उतरलं बघा!" वहिनींनी काहीच घेतलं नव्हतं. त्यांचे गुण ५, ७, ४, २.

तीन आठवड्यांनी दोघं पुन्हा त्याच वाटेने उतरले. या वेळी त्याने गुरुवारपासूनच हळदीचं दूध सुरू केलं होतं, आणि मंगळवारी गुण आले फक्त ३. तो म्हणाला, आधीपासून घेतलं म्हणून. वहिनींचेही ३ आले, काही न घेता.

यात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे माणूस औषध घेतो ते दुखणं सगळ्यात जास्त असताना, आणि कळस गाठलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी उतरणारच असतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्नायूला एकदा असा मार बसला की पुढे कित्येक आठवडे तो तशाच माराला बराच कमी दुखावतो. हे संरक्षण काही महिनेही टिकल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून दुसऱ्या खेपेला जे काही घ्याल त्याला यश मिळतं, मग ती हळद असो, रस असो की नुसतं कोमट पाणी.

तेव्हा स्वतःवर पडताळून पाहायचं असेल तर पहिल्या दोन खेपा मोजणीत धरू नका. तिसऱ्या खेपेपासून तोच गड, तीच वाट, तेवढाच वेळ ठेवा आणि प्रत्येक वेळी आधी नाणं उडवून ठरवा, या वेळी घ्यायचं की नाही. तशा सहा-आठ खेपा झाल्या की मंगळवारचे गुण शेजारी-शेजारी मांडा. अर्ध्या गुणाच्या फरकाला अर्थ नाही. संशोधकही दहापैकी साधारण दीड गुणाच्या खालचा फरक माणसाला खरा उपयोगी मानत नाहीत. हा दीड गुण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हळदीचं दूध: हिशेब मांडून बघा

हळदीतल्या ज्या घटकाचा अभ्यास होतो तो कुरकुमिन. घरच्या हळद पावडरीत तो वजनाच्या साधारण ३ टक्के असतो, कमी-जास्त धरला तर २ ते ५. कपभर दुधात आपण अर्धा चमचा हळद घालतो, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम. त्याचे ३ टक्के म्हणजे ४५ मिलिग्रॅम कुरकुमिन.

आता प्रयोगांकडे बघू. ज्या एका प्रयोगात पायाचं दुखणं बऱ्यापैकी कमी झालं, त्यात माणसांना दिवसातून दोनदा अडीच-अडीच ग्रॅम कुरकुमिन दिलं होतं, व्यायामाच्या दोन दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत. रोजचं ५ ग्रॅम. घरच्या हळदीतून ते मिळवायचं तर दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम हळद लागेल, म्हणजे सांगलीच्या बाजारातून आणलेलं पाव किलोचं पाकीट दीड दिवसात संपेल. काही प्रयोगांत ४०० मिलिग्रॅमसारखी लहान मात्रा वापरली आहे. पण ते कुरकुमिन चरबीत गुंडाळून, आतड्यातून जास्त शोषलं जावं म्हणून मुद्दाम घडवलेलं होतं. साध्या हळदीशी त्याची तुलना होत नाही. आणि अशाच एका प्रयोगात रक्तातली सुजेची काही चिन्हं कमी झाली, तरी मांडीच्या दुखण्यात फरक पडला नाही.

मग मिरपूड? हा सल्ला १९९८ च्या बंगळूरच्या एका अभ्यासावर उभा आहे. त्यात २ ग्रॅम कुरकुमिनबरोबर मिऱ्यातलं पायपेरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर रक्तातलं प्रमाण वीसपट वाढलं. आकडा मोठा वाटतो, पण मुळात रक्तात पोचणारं कुरकुमिन इतकं नगण्य असतं की वीसपट होऊनही ते थोडंच राहतं. शिवाय सुरुवात २ ग्रॅमपासून होती, आपल्या कपात ४५ मिलिग्रॅम आहे. चिमूटभर मिरपूड आणि साय असलेलं दूध यांनी शोषण थोडं सुधारतं, पण कपातली हळद प्रयोगातल्या मात्रेच्या जवळपासही जात नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हळदीच्या दुधातल्या हळदीने पायाचं दुखणं कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. त्यातलं दूध मात्र कामाचं आहे, आणि त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. स्नायूंना मार बसणाऱ्या व्यायामानंतर लगेच अर्धा लिटर दूध प्यायलेल्यांची ताकद पुढच्या दोन दिवसांत कमी घटल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. एक लिटर घेऊन अर्ध्यापेक्षा जास्त फायदा झाला नाही. दुखणं काहींत थोडं कमी झालं, काहींत नाही. म्हणजे उपयोग आहे तो पायातला जोर राखण्यासाठी. फक्त प्रमाण अर्धा लिटर हवं, रात्रीचा एक छोटा कप नव्हे, आणि वेळ उतरल्यावर तासाभरातली. त्यात आवडीने हळद घातली तर बिघडत काही नाही.

बिघडतं ते कॅप्सूलमुळे. जास्त मात्रेच्या, त्यातही पायपेरिन घातलेल्या कुरकुमिनच्या गोळ्या घेणाऱ्या काहींना यकृताची सूज आल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत झाल्या आहेत. अशा घटना विरळ आहेत, पण चार दिवसांत आपोआप उतरणाऱ्या दुखण्यासाठी तेवढा धोकाही मला परवडत नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या गोळ्या घेऊच नका. भाजीतली आणि दुधातली हळद या चिंतेत येत नाही.

आंबट रस: चेरी, डाळिंब आणि आपलं कोकम

तिन्हींत सगळ्यात चांगला पुरावा आंबट चेरीचा आहे. ही मॉन्टमोरन्सी नावाची चेरी. काश्मीर-हिमाचलातून आपल्या बाजारात येणारी चेरी गोड जातीची, ती वेगळी. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये माउंट हूडच्या उतारावरून सुरू होणारी लांब रिले शर्यत आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या ५४ धावपटूंना आठवडाभर आधीपासून दिवसातून दोनदा ३५५ मिलिलिटर रस दिला, निम्म्यांना चेरीचा आणि निम्म्यांना तसाच दिसणारा दुसरा. शर्यतीनंतर दुखणं दोन्ही गटांत वाढलं. १०० पैकी चेरीवाल्यांचं १२ ने, तर इतरांचं ३७ ने. हा फरक दीड गुणाच्या वर जातो. पण त्याच वर्षी लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंवरचा अभ्यास आला. त्यात चेरीवाल्यांची ताकद लवकर परतली, दुखण्यात मात्र ठोस फरक दिसला नाही.

असे सगळे प्रयोग एकत्र केले तर काय दिसतं? कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये फळांचे रस, अर्क आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळून ५० अभ्यास तपासले. त्यांत १,०८९ माणसं होती, बहुतेक पुरुष. दुखण्यात फरक निघाला, पण सरासरीने तो दीड गुणाच्या पुष्कळ खाली होता. म्हणजे कागदावर फरक आहे, पण जिना उतरताना तो कळेलच असं नाही.

डाळिंबाची गोष्ट आपल्यासाठी जास्त जवळची, सोलापूरचं डाळिंब बहुतेक घरांत येतं. व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांना दिवसातून दोनदा २५० मिलिलिटर रस १५ दिवस दिला. दंडाचं दुखणं कमी झालं, मांडीचं नाही. गड उतरणाऱ्याला हवं ते नेमकं इथेच हातातून सुटतं. बहुधा रोजच्या चालण्याने मांड्या आधीच थोड्या तयार असतात, म्हणून तिथे रसाला करून दाखवायला कमी वाव उरतो.

कोकमालाही तोच लाल रंग आहे आणि त्याच कुळातली रंगद्रव्यं आहेत, म्हणून कोकम सरबत "आपली चेरी" म्हणून सांगितलं जातं. पण चेरीवरचा पुरावा कोकमाच्या नावावर जमा करता येत नाही. मीठ-जिरं घातलेलं कोकम मी गडावर आवर्जून पितो, तहानेसाठी आणि घामातून गेलेल्या मिठासाठी.

रस घेऊनच बघायचा असेल तर पायऱ्या अशा. शर्यतीच्या किंवा मोठ्या ट्रेकच्या चार-पाच दिवस आधी सुरू करा. दुखायला लागल्यावर सुरू केलेल्या रसाकडून फारशी आशा नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक पेला घ्या, वरून साखर घालू नका आणि नंतर दोन दिवस चालू ठेवून थांबा. दोन पेल्यांत मिळून पन्नास-साठ ग्रॅम साखर सहज जाते. मधुमेह असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. आणि बारा महिने रोज घेऊ नका, विशेषतः ताकद वाढवायच्या काळात. सुजेतूनच दुरुस्तीचा आणि स्नायू मजबूत होण्याचा निरोप जातो. क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत व्यायामाने होणारे काही चांगले बदल मंदावल्याचं दिसलं आहे. रस त्या मानाने सौम्य असला, तरी तो शर्यतीच्या आठवड्यापुरताच बरा.

प्रोटीन: दुखण्यावर नाही, पण कमी पडत असेल तर घ्याच

व्यायामानंतर जादा प्रोटीन घेतल्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं दुखणं कमी होतं का, यावर पुष्कळ प्रयोग झाले आणि एकसारखं उत्तर आलं नाही. पुरेसं खाणाऱ्याने वर आणखी एक स्कूप घेतला तर मंगळवारच्या गुणांत सहसा फरक पडत नाही. विस्कटलेली रचना बांधायला प्रोटीन लागतं हे खरं, पण ते काम कित्येक दिवस चालतं, आणि दुखणं त्याच्या आधीच उतरलेलं असतं.

प्रश्न आहे तो "पुरेसं" या शब्दाचा. आपल्याकडे साधारण माणसासाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम रोजचं प्रोटीन सुचवलं आहे. नियमित कठीण व्यायाम करणाऱ्याने १.४ ग्रॅमच्या आसपास गाठावं. आमच्या जोडप्यातला तो ६० किलोचा, म्हणजे त्याला ८४ ग्रॅम हवं. मी त्याच्याबरोबर बसून एका शाकाहारी दिवसाचा हिशेब केला. सकाळी पोहे आणि चहा, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर आमटी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री वरण-भात आणि भाजी. एकूण ४५ च्या पुढे जाईना. आमटीत डाळ आहे या भरवशावर आपण राहतो, पण पातळ आमटीच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम येतात.

डबा न आणता आम्ही हे भरून काढलं. अर्धा लिटर दुधाचे १६-१७ ग्रॅम, दुपारी दाट मटकीच्या उसळीची मोठी वाटी ८-९, रात्री ७५ ग्रॅम पनीर सुमारे १३. बेरीज ८३ च्या आसपास गेली. अंडी खाणाऱ्याला दोन अंड्यांत १२ ग्रॅम मिळतात. हे जमत नसेल तर पावडर घ्यावी, तीही अन्नच आहे. किडनीचा विकार असणाऱ्याने मात्र प्रोटीन डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वाढवू नये. दोन महिन्यांनी तो म्हणाला, दुखायचं तेवढंच दुखतं, पण गुरुवारी पाय पुन्हा तयार असतात. प्रोटीनकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

मग खरंच दुखणं कमी करायचं तर

जे संरक्षण दुसऱ्या खेपेला आपोआप मिळतं, तेच आधी विकत घ्यायचं, थोड्या दुखण्याच्या मोलाने. मोठ्या उताराच्या दोन-तीन आठवडे आधी टेकडीवर किंवा दहा मजली इमारतीत जा. वर हवं तर लिफ्टने जा, जिना फक्त उतरा. पहिल्या दिवशी ५ मिनिटं उतरणं पुरे. चार-पाच दिवस जाऊ द्या, मग १० मिनिटं, पुढच्या आठवड्यात १५. दंडावरच्या प्रयोगांत अशा ताणाच्या दोनच जोरदार आवृत्त्यांनीही पुढच्या मोठ्या व्यायामात काही प्रमाणात संरक्षण दिलं होतं, त्यामुळे पाच मिनिटांना कमी लेखू नका. मंगळवारी गुण ३ च्या वर गेले तर पुढची पायरी तेवढीच ठेवा, वाढवू नका. शेवटचा सराव मोठ्या दिवसाच्या किमान पाच दिवस आधी संपवा. गडावरही पावलं छोटी टाका आणि टाच आपटू नका. लांब ढांग टाकली की मांडीवरचा ताण लगेच वाढतो.

एवढं करूनही दुखलं, तर सावकाश चाला, सायकल हलकी मारा, तेल लावून हलक्या हाताने चोळून घ्या. चोळण्याचा आराम खरा असतो, पण काही तासांचा. स्ट्रेचिंगवर वेळ घालवू नका, मोठ्या आढाव्यांत त्याचा फायदा १०० पैकी एक ते चार गुणांपलीकडे गेला नाही. दुखणं उतरण्याआधीच पुन्हा जोरात उतरायला जाऊ नका, कारण त्या दिवसांत ताकद कमी असते आणि पाय लटपटून मुरगळतो. मला स्वतःला गडाच्या शेवटच्या वळणावर हे एकदा भोवलं आहे.

एक चिन्ह मात्र घरी बसून पाहायचं नाही. कठीण व्यायामानंतर एक-दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी काळपट-तांबूस झाली, स्नायू टणक सुजला, हात-पाय उचलवेनासा झाला, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरलेली असू शकतात आणि ती किडनी बंद पाडू शकतात. पैजेवर मारलेल्या शेकडो बैठका, उन्हात पाणी न पिता केलेली मोठी चढाई, आजारपणानंतरचा पहिलाच जोरदार व्यायाम अशा वेळी हे घडतं. तेव्हा दूध नको, रस नको. आयबुप्रोफेन तर नकोच, शरीर कोरडं असताना तेही किडनीवर ताण देतं. त्याच दिवशी रुग्णालयात जा, कोणता व्यायाम किती केला ते सांगा आणि रक्तातलं क्रिएटिन कायनेज तपासायचं का, हे स्वतःहून विचारा.